बाप्पाच्या नैवेद्याच्या उकडीच्या मोदकांचा व्हिडिओ : स्क्रिप्ट आणि कॅप्शन बघून द्याल का?

मंगळवारपेठ_वहिनी

नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या पेजवर चतुर्थीच्या आदल्या दिवशी मोदकांचा व्हिडिओ टाकायचा ठरलाय. उभा व्हिडिओ, साधारण सव्वा मिनिटाचा. मोदक आम्ही बायकाच करणार, शूटिंग पुतण्या करणार आणि आवाज माझा. स्क्रिप्ट लिहून झालीय, पण मन काही भरत नाही, म्हणून इथं टाकते.

सध्याचा मजकूर असा : "नारळ खोवून घ्या. अंदाजाने गूळ घालून सारण परता. पाणी उकळून त्यात पिठी घाला, उकड काढा, मळा. पारी करून सारण भरा, मोदक वळा आणि वाफवा. तूप सोडून नैवेद्य दाखवा." आणि शेवटच्या दहा सेकंदांत एक पाटी : "हात स्वच्छ धुवा. केस बांधा. भांडी स्वच्छ ठेवा. पाणी शुद्ध वापरा. ताजं खा."

मला खुपतंय ते शेवटच्या पाटीचं. त्याला कारणही आहे. गेल्या वर्षी असाच व्हिडिओ केला होता. सकाळी नऊला सुरू केलं ते एक वाजेपर्यंत शूटिंगच चाललं. तेच मोदक दुपारी नैवेद्याला दाखवले, डब्यात भरून ठेवले आणि रात्री आठच्या आरतीनंतर वाटले. डबा उघडला तेव्हा वरचे मोदक चिकट झाले होते, थोडा आंबूस वासही आला. "गरम भरलेत म्हणून असेल" म्हणून वाटले. रात्री गल्लीतल्या दोन पोरांना उलट्या झाल्या. मोदकांनीच झाल्या असं कुणी ठामपणे सांगू शकणार नाही, दिवसभर पोरांनी काय काय खाल्लं होतं. पण मला ती रात्र विसरता येत नाही. आणि गंमत नव्हे, दुःख याचं की त्या व्हिडिओतही शेवटी "स्वच्छता पाळा" ही पाटी होतीच.

तेव्हा दोन प्रश्न. स्वच्छतेचं नेमकं काय सांगायचं आणि व्हिडिओत कुठं सांगायचं? आणि साहित्याचं माप द्यायचं की "अंदाजाने" चालेल?

---

खोवणी

वहिनी, मी तीस वर्षं चतुर्थीला मोदकांच्या ऑर्डरी घेते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण माझ्या मते पहिल्याचं उत्तर त्यातूनच निघतं.

"अंदाजाने" हा शब्द काढून टाका. रोजच्या स्वयंपाकात अंदाज चालतो, कारण आपण चमचाभर चाखून बघतो. नैवेद्य चाखायचा नसतो. सारण गोड झालंय का, उकडीत मीठ पडलंय का, हे देवापुढं ठेवेपर्यंत कळणारच नाही. मग भरवसा फक्त मापाचा. नव्यानं करणारी सून व्हिडिओ बघून करणार असेल तर तिला वाटीचं माप द्यायलाच हवं.

२१ मोदकांना माझं माप असं आहे. आमटीची मोठी वाटी घ्या, पाणी २०० मिली मावेल अशी. तांदळाची पिठी अडीच वाट्या, पाणी अडीच वाट्या. खोवलेलं ओलं खोबरं तीन वाट्या, चिरलेला गूळ दीड वाटी. खोबऱ्याच्या निम्मा गूळ, एवढं लक्षात राहिलं तरी पुरे. नारळ मोठा असेल तर दीड नारळात भागतं, पण दोन आणून ठेवा, एखादा खवट निघतोच.

पिठीचं पाणी मात्र पिठीवर असतं. जुन्या कोरड्या पिठीला पाव वाटी जास्त लागतं. तांदूळ धुवून सावलीत वाळवून दळलेली घरची पिठी असेल तर बरोबरीनं पुरतं. मी आजऱ्याचा घनसाळ वापरते. वास उतरतो आणि उकड मऊ राहते. आंबेमोहोरही छान.

गुळाबद्दल एक सांगते, ते आपल्या गावचं आहे म्हणून. कोल्हापुरात नवीन गुळाचे सौदे दिवाळीच्या पाडव्याला निघतात. म्हणजे भाद्रपदात आपण गुळाचा जो रवा आणतो तो आधीच्या हंगामातला, पावसाळाभर साठवलेला. तो दमट होऊन पाझरलेला असतो. वरचा ओला पापुद्रा सुरीनं काढून टाका, आतला कोरडा घ्या. पाझरलेला गूळ घातला की सारण सैल पडतं आणि वाफेत मोदक फुटतो, मग बाई म्हणते "माझी पारी चुकली". पारी चुकलेली नसते. आणि अगदी पिवळाधमक रवा दिसला म्हणून तो चांगला असं समजू नका, रंग उजळायला गुऱ्हाळावर पावडर टाकतात. तांबूस, थोडा काळपट गूळ घ्या. सारण दिसायला गडद होईल, व्हिडिओत जरा कमी उठून दिसेल, पण चालेल.

गुळात चिपाडाचे तंतू, खडे निघतात. दोन चमचे पाण्यात गूळ वितळवून गाळून घ्या, मग ते पाणी आटेपर्यंत उकळून खोबरं घाला. हे दृश्य व्हिडिओत जरूर घ्या. गाळणीत राहिलेला कचरा जवळून दाखवला की स्वच्छतेचं वेगळं वाक्य लिहावं लागत नाही.

---

नाद_खुळा_९९

वहिनी लई विचार करताय तुम्ही. आमच्यात सकाळचं मोदक संध्याकाळी परत मोदकपात्रात ठेवून दहा मिनिटं वाफ देतात. वाफेत सगळं किटाणू मरतंय. तेवढं एक वाक्य टाका, "वाटण्याआधी पुन्हा वाफवा", झालं काम.

---

तपासनीस_निवृत्त

दादा, वाफेत जंतू मरतात हे खरं. पण गेल्या वर्षीचा जो प्रकार वहिनींनी सांगितलाय, त्यात पुन्हा वाफवून उपयोग झाला नसता. मी अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तांदळात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू मुळातच असतो. मातीतून येतो, त्यात कुणाची अस्वच्छता नसते. त्याची बीजं इतकी चिवट की उकड काढताना आणि नंतर वाफवतानाही जिवंत राहतात. मोदक गरम आहे तोवर ती गप्प असतात. कोमट झाला की उगवायला लागतात, आणि वाढताना त्यातला काही प्रकार मोदकातच एक विष तयार करतो. उलट्या होतात त्या त्या विषानं, तेही खाल्ल्यावर एक ते पाच-सहा तासांत. आता मुद्दा असा की ते विष उकळूनही जात नाही. रात्री आठला पुन्हा वाफवलं तर जंतू मरतील, विष तसंच राहील. आणि मोदक गरम, ताजा दिसल्यामुळं लोक दोन जास्तच खातील.

हातावरचा स्टॅफिलोकॉकस जंतूही असाच वागतो. बोटाला कापलेलं असेल, नखाशी पिकलेलं असेल, तर तिथून सारणात येतो. त्याचंही विष तापवून जात नाही.

म्हणून तुमच्या शेवटच्या पाटीत जे एक वाक्य नाही तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे : वेळ. हात कितीही धुतले तरी तांदळातली बीजं जाणार नाहीत. त्यांना वाढायला वेळ द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे. शिजवलेलं अन्न बाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये हा जगभर पाळला जाणारा नियम आहे. साठ अंशांच्या वर गरम ठेवता आलं किंवा पाच अंशांच्या खाली थंड ठेवता आलं तर गोष्ट वेगळी. घरच्या स्टीलच्या डब्यात यातलं काहीच होत नाही. उलट शंभर गरम मोदक एकावर एक भरले की मधले तासन् तास कोमट राहतात आणि झाकणाचं पाणी वरच्यांवर ठिबकतं. तुमचे वरचे मोदक चिकट झाले ते त्यामुळं असणार. आंबूस वास मात्र वाफेचा नव्हे. वास आला तर टाकायचे. पण वास आला नाही म्हणजे चांगले, असंही नाही. हे विष वासानं किंवा चवीनं कळत नाही.

---

नाद_खुळा_९९

काका हे माहीत नव्हतं. आमच्या आज्जीनं आयुष्यभर असंच वाफवून दिलं, कुणाला काय झालं नाही. पण तुम्ही म्हणताय तर ह्या वर्षी सकाळचं सकाळीच संपवायला सांगतो घरी.

---

तपासनीस_निवृत्त

आज्जींचे मोदक अकरा असतील आणि घरात पंधरा माणसं. ते दुपारीच संपत असणार. मंडळाचे दोनशे असतात, तिथं फरक पडतो.

---

सासनेवाडी_ते_पुणे

मोदकांचा साचा कुठला चांगला? मी महाद्वार रोडवरून प्लास्टिकचा घेतला होता, त्यात पीठ चिकटतं. आणि खरं सांगू का, आपल्या कोल्हापुरात घरोघरी तळणीचे मोदक असायचे. कणकेची पारी, आत सुकं खोबरं आणि गूळ किंवा पिठीसाखर. उकडीचे कोकणातले. तुम्ही तळणीच्याच मोदकांचा व्हिडिओ का करत नाही?

---

मंगळवारपेठ_वहिनी

ताई, साच्याला आतून तुपाचं बोट फिरवा, सुटतो. पण आम्ही हातानंच वळणार आहोत.

तळणीच्या मोदकांचं तुम्ही सहज बोललात, मला मात्र त्यातून वाट दिसतेय. घरचा नैवेद्य उकडीचा आणि मंडळाच्या आरतीला वाटायचा प्रसाद तळणीचा, असं केलं तर?

---

खोवणी

अगदी हेच करा. मी मंडळांना उकडीच्या मोदकांची संध्याकाळची ऑर्डर घेतच नाही. तळणीच्या मोदकात पाणी राहत नाही, सारणात सुकं भाजलेलं खोबरं, खसखस, त्यामुळं पूर्ण गार करून कोरड्या डब्यात भरले तर आठ दिवस राहतात. मात्र मंद आचेवर तळा. मोठ्या आचेवर वरून लाल होतात, आत पारी कच्ची राहते आणि दुसऱ्या दिवशी मऊ पडतात. मऊ पडला की समजायचं, आत ओल राहिली होती, तो आधी संपवायचा. सारणात ओलं खोबरं घालून तळायचा मोह होतो, ते मात्र नको. मग ते टिकणाऱ्यातलं उरत नाही.

व्हिडिओ उकडीचाच ठेवा, पण शेवटी एक वाक्य टाका की हे लगेच खायचे, वाटायला तळणीचे करा.

---

रंकाळा_फ्रेम

वहिनी, मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, तेवढ्यापुरतं बोलतो.

पहिलं म्हणजे शब्द. निवांत मराठी बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. ७५ सेकंदांत दीडशे शब्द, त्यापेक्षा एकही जास्त नको, नाहीतर आवाज पळायला लागतो. मधे परतण्याचा, वाफेचा आवाज ऐकू यायलाही जागा हवी.

दुसरं, पाटी. शेवटच्या दहा सेकंदांपर्यंत अर्धी माणसं थांबत नाहीत. जे सांगायचं ते त्या-त्या दृश्यावर सांगा. हात धुवायचं वाक्य हात दिसत असताना. पडद्यावर एका वेळी एकच ओळ, मनातल्या मनात दोनदा वाचून होईल इतका वेळ. आणि ती ओळ अगदी खाली लिहू नका, तिथं पेजचं नाव आणि कॅप्शन येऊन बसतं. मधोमध किंवा जरा वर.

तिसरं म्हणजे तुमचा पुतण्या. तो मोबाइल धरणार, रस्त्यावरून आलेल्या हातानं मधेच म्हणणार "काकू, जरा पारी इकडं करा" आणि स्वतःच उचलून ठेवणार. शूटिंगमध्ये हे शंभर टक्के होतं. मोबाइलला हात लावणारा अन्नाला हात लावणार नाही आणि वळणारी बाई मोबाइल बघणार नाही, हे आधी ठरवा. "कसं आलंय बघू" म्हणून पिठाच्या हातानं मोबाइल घेतला की हात पुन्हा धुवायचे.

वाफेचं दृश्य घेताना लेन्सवर धुकं येतं. झाकण उघडताना कॅमेरा बाजूनं धरा, वरून नको. आणि तो मोदकपात्राच्या वर झुकणार नाही हेही बघा.

---

तपासनीस_निवृत्त

फ्रेमवाले दादा, तुम्ही सहज बोललात पण गेल्या वर्षीच्या प्रकाराचं मूळ तिथंच आहे. शूटिंगला चार तास लागले. सारण, उकड, वळलेले मोदक सगळं चार तास दिव्याखाली उघडं. नैवेद्याच्या वेळेपर्यंतच दोन तास उलटून गेले होते. त्यानंतर रात्री आठपर्यंत आणखी सात तास.

माझं मत : शूटिंगचा घाणा वेगळा आणि नैवेद्याचा वेगळा. शूटिंगला पाच मोदकांचंच साहित्य घ्या, ते आदल्या दिवशी करा. जास्त वेळ उघडे राहिलेले मोदक कुणाला देऊ नका.

---

खोवणी

काका, अन्न टाकायचं म्हणजे जीव होत नाही हो. पाच मोदक असले तरी.

---

तपासनीस_निवृत्त

बरोबर आहे तुमचं. टाकायला लागू नये म्हणून आधी सारणाचं, मग उकडीचं असं तुकड्यातुकड्यानं शूट करा. शूट झालं की सारण लगेच फ्रीजमध्ये, ते दोन दिवस राहतं. वाफवल्यापासून दोन तासांच्या आत शूटिंग संपलं तर ते पाच मोदक तुम्हीच तिथंच खा. नाही संपलं, तर टाकावे लागतील.

---

शाहूपुरी_स्वाद

माझा अनुभव सांगते. मी घरून मोदक विकते. गिऱ्हाईक म्हणालं ग्लोव्हज घालून करा, मग मी प्लास्टिकचे ग्लोव्हज घालायला लागले. व्हिडिओत ग्लोव्हज दिसले की विश्वास बसतो लोकांचा. तुम्हीही घाला. आणि मंडळ मोठ्या प्रमाणावर प्रसाद करत असेल तर नोंदणीचंही बघा. मी अन्न सुरक्षेची छोट्या व्यवसायाची नोंदणी केलीय, तेव्हा वर्षाची फी शंभर रुपये होती, ऑनलाइन होते.

---

खोवणी

ग्लोव्हजनं माझ्या तरी पाकळ्या पडत नाहीत. पिठाची ऊब आणि जाडी बोटाला कळावी लागते. शिवाय ग्लोव्हज घातले की हात घाण झाल्याचं जाणवत नाही, बाई त्याच हातानं गॅसचं बटण, फ्रीजचं दार, केस सगळं करते.

---

तपासनीस_निवृत्त

दोघींचंही काही बरोबर आहे. ग्लोव्हज दर वेळी बदलले तर चांगले, न बदलता दिवसभर घातले तर धुतलेल्या हातांपेक्षा वाईट. बोटाला जखम असेल तर मात्र पट्टी आणि वर ग्लोव्हज हवेतच. त्याहून चांगलं म्हणजे त्या दिवशी त्या बाईनं वळायला बसू नये, नारळ फोडायचं, भांडी आणायचं काम घ्यावं.

नोंदणीबद्दल : अन्न व औषध प्रशासन गणेशोत्सवात मंडळांना प्रसादाबाबत सूचना देतं. तुमच्या मंडळाला काय लागू आहे ते पदाधिकाऱ्यांनी जिल्ह्याच्या कार्यालयात विचारून घ्यावं. व्हिडिओत तो विषय नको.

---

मंगळवारपेठ_वहिनी

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री बसून नव्यानं लिहिलं, मोठ्यानं वाचून घड्याळ लावलं, ७३ सेकंद झाले. आधी दृश्य, मग माझा आवाज.

*वाफाळलेला मोदक, वरून तुपाची धार.* "बाप्पाचा नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून माप नीट घ्या. २१ मोदक."

*एकच वाटी, तिच्या मापानं ओळीनं साहित्य.* "एकाच वाटीनं : अडीच वाट्या तांदळाची पिठी, अडीच वाट्या पाणी. तीन वाट्या ओलं खोबरं, दीड वाटी गूळ. वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ, चमचाभर तूप."

*अंगठी काढून वाटीत ठेवणारी बोटं, मग नळाखाली साबणाचा फेस.* "अंगठी, बांगड्या काढा. साबणानं हात धुवा. स्वच्छ पंचाला पुसा, पदराला नको."

*गाळणीत राहिलेला गुळातला कचरा, नंतर कढई.* "गूळ वितळवून गाळून घ्या, मग खोबरं. सारणानं कडा सोडल्या की गॅस बंद. ताटात पसरून गार करा."

*उकड.* "पाणी उकळलं की मीठ, तूप, पिठी. ढवळून पाच मिनिटं झाकण. गरम असतानाच मळा. गोळी दाबून बघा, कड फाटली तर पाण्याचा हात लावून पुन्हा मळा."

*बोटं जवळून, पाकळ्या पडताना.* "पारी कडेला पातळ, तळाला जाड. पाकळ्या जवळ घेऊन तोंड मिटवा. हाताला कापलं असेल तर आज दुसरीला वळायला बसवा."

*मोदक पाण्यात बुडवून हळदीच्या पानावर.* "पात्रातल्या पाण्याला उकळी आल्यावरच मोदक आत. बारा मिनिटं."

*भिंतीवरचं घड्याळ, मग देव्हारा.* "उतरवले ती वेळ लिहून ठेवा. दोन तासांत नैवेद्य, दोन तासांत प्रसाद. आरतीला वाटायला तळणीचे करा."

आणि कॅप्शन :

"उकडीचे मोदक वाफेवरून उतरले की दोन तास, एवढंच त्यांचं आयुष्य. 🙏
२१ मोदकांचं माप : पिठी २½ वाट्या, पाणी २½ वाट्या (पिठी जुनी असेल तर पाव वाटी जास्त), ओलं खोबरं ३ वाट्या, गूळ १½ वाटी. वाटी २०० मिलीची.
पावसाळ्यात गूळ पाझरतो, वरचा ओला थर काढून आतला घ्या.
उरलेले मोदक दोन तास व्हायच्या आत, पसरट डब्यात एकेरी ठेवून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी आतपर्यंत गरम होतील असे वाफवून लगेच खा. बाहेर राहिलेले मोदक पुन्हा वाफवून वाटू नका, त्यानं ते सुरक्षित होत नाहीत.
आम्ही सारणात काजू घातलेले नाहीत. तुम्ही घातलेत तर प्रसाद देताना सांगा, काहींना चालत नाहीत."

---

तपासनीस_निवृत्त

वहिनी, छान उतरलंय. एकच वाक्य बदला, पण नक्की बदला. "दोन तासांत नैवेद्य, दोन तासांत प्रसाद" कानाला गोड लागतं, पण ऐकणारी चार तास समजेल. नैवेद्याला दोन, पुढं वाटायला आणखी दोन. असं म्हणा : "तिथून दोन तासांच्या आत नैवेद्य होऊन प्रसादही संपला पाहिजे."

---

रंकाळा_फ्रेम

कॅप्शनची पहिली ओळ मस्त. तेवढीच उघडी दिसते, बाकी दाबल्यावर. घड्याळाचं दृश्य चार सेकंद तरी ठेवा, काटे दिसू देत. आणि काकांचं नवं वाक्य मोठं आहे, त्याला जागा करायला सुरुवातीची तुपाची धार एक सेकंद कमी करतो म्हणावं पुतण्याला.

---

खोवणी

उकडीत अजून एक. "कड फाटली तर पाण्याचा हात" बरोबर, पण बोटाला चिकटत असेल तर? नवी सून घाबरून कोरडी पिठी घालते आणि ती कच्ची राहते. चिकटली तर उकड दोन मिनिटं झाकून वाफेवर ठेवायची आणि तुपाचा हात लावून मळायची. व्हिडिओत जागा नसेल तर कॅप्शनमध्ये टाका.

आणि माझा एक प्रश्न राहिलाच. खवट नारळ कसा ओळखायचा? मी फोडल्यावर एक तुकडा खाऊन बघते, तो नैवेद्यातला नाही, बाजूला काढलेला आहे असं मानून. माझ्या जाऊबाई म्हणतात तेही चाखणंच झालं, वास घेऊन बघायचं. पण वासाला चांगला आणि चवीला खवट असे नारळ मला दर वर्षी भेटतात.

---

सासनेवाडी_ते_पुणे

आमच्याकडं वासही घेत नाहीत नैवेद्याचा. आई नारळ हलवून पाण्याचा आवाज ऐकायची, डोळ्यांपाशी बुरशी बघायची आणि एक नारळ जास्तीचा आणायची.

---

शाहूपुरी_स्वाद

मी खाऊनच बघते. गिऱ्हाइकाला खवट गेलेला परवडत नाही. घरच्या देवाला मात्र आमच्या सासूबाई निवडतात, त्यात मी पडत नाही.

---

मंगळवारपेठ_वहिनी

नारळाचं वाक्य व्हिडिओतून गाळलं, ज्यानं त्यानं आपल्या घरच्या रीतीनं बघावं. फोडण्याआधी नारळ बाहेरून धुवायचा, एवढं कॅप्शनमध्ये घातलंय, शेंडीतली माती खोबऱ्यावर पडते. काकांचं वाक्य बदललं, चिकटलेल्या उकडीचंही टाकलं. शूटिंग आदल्या दिवशी सकाळी आठला, पाच मोदकांचं. पुतण्याला सांगून ठेवलंय, मोबाइल धरणाऱ्यानं ओट्यापासून हातभर लांब राहायचं. आणि मंडळाच्या आरतीसाठी दीडशे तळणीचे मोदक उद्यापासून करायला घेतोय. चौघी जणी आहोत, खोवणी ताई, दीडशेला सुकं खोबरं किती आणू?

---

खोवणी

मी लहान करते, दोन घासांचे. तसे असतील तर दोन किलो आणा, उरलं तर खिरापतीला जाईल. आणि कणकेत कडकडीत तुपाचं मोहन घालायला विसरू नका.